मिर्टाझापीनने भूक खवळते, फ्लुओक्सेटीनने मरते आणि ॲलर्जीच्या सायरपने मुलं जेवायला लागतात, ते का?

प्रश्न: आईला (वय ५६) नैराश्यासाठी मिर्टाझापीन १५ सुरू होऊन चार महिने झाले. मन छान सावरलंय, झोप लागते, पण वजन ५४ वरून ६१ झालं. रात्री उठून डबे उघडते. आजारात तिचं खाणंच सुटलं होतं, त्याआधी ती ५८ किलो असायची. शिंकांसाठी रोज रात्री मेडिकलमधली सर्दीची गोळीही घेते. माझ्या भावाला त्याच आजारासाठी फ्लुओक्सेटीन दिलं, तर त्याची जेवणावरची वासनाच उडाली. आणि आमच्या पाच वर्षांच्या मुलीला भूक लागावी म्हणून जे सायरप दिलं, ते ॲलर्जीचं निघालं! मी स्वतः वर्षानुवर्षं सेटिरिझिन घेते, मला काहीच होत नाही. हे काय गौडबंगाल आहे? आईची गोळी बंद करावी का?

उत्तर:

शेवटचं आधी सांगतो. आपल्या मनाने बंद करू नका. का आणि मग काय करायचं, ते खाली येईलच. पण तुमच्या घरात योगायोगाने चार वेगवेगळ्या गोळ्या एकत्र आल्या आहेत आणि त्या चारही शेजारी ठेवून पाहिल्या तर सगळा प्रकार उलगडतो.

आपण औषधाला आजाराच्या नावाने ओळखतो. ही डिप्रेशनची, ही ॲलर्जीची. शरीराला ती नावं माहीत नसतात. गोळीतला रेणू रक्तातून फिरतो आणि पेशींवरच्या ज्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागेवर, बसता येईल तिथे बसतो. त्यातल्या एखाद्या जागेसाठी आपण ती गोळी दिलेली असते. बाकीच्या जागांवर तो जे करतो त्याला आपण दुष्परिणाम म्हणतो.

त्यात ही दोन औषधकुटुंबं मुळात एकमेकांची नातेवाईक आहेत. १९५०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या एका औषध कंपनीकडे ॲलर्जीसाठी चाचपलेल्या रसायनांचा एक गट पडून होता. त्यातूनच इमिप्रामीन निघालं. मानसोपचारतज्ज्ञ रोलंड कून यांना त्याचा नैराश्यावरचा गुण दिसला आणि १९५७ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. आज डोकेदुखीसाठी आणि नसांच्या दुखण्यासाठी सर्रास दिलं जाणारं ॲमिट्रिप्टिलीन त्याच जातीचं. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डायफेनहायड्रामीन या जुन्या ॲलर्जीच्या औषधाच्या रचनेत फेरफार करता करता फ्लुओक्सेटीन हाती आलं. स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन आणि सहकाऱ्यांनी ब्रॉमफेनिरामीन या सर्दीच्या औषधापासून झिमेलिडीन बनवलं, तेही नैराश्यावरचंच. म्हणजे दोघांचं मूळ एकच. फरक एवढाच, की काही वंशजांनी हिस्टामीनच्या रिसेप्टरवरची जुनी पकड कायम ठेवली आणि काहींनी ती सोडली. आईची गोळी पहिल्या गटातली आहे आणि भावाची दुसऱ्या.

हिस्टामीन म्हटलं की आपल्याला शिंका, खाज, गांधी आठवतात. पण मेंदूतही हिस्टामीन असतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मागच्या बाजूला पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, तो हे हिस्टामीन तयार करतो आणि मेंदूभर पाठवतो. त्याची ठळक कामं दोन. माणसाला जागं ठेवणं, आणि खाण्याला आवर घालणं. ही दोन्ही कामं एच-१ नावाच्या रिसेप्टरमार्फत होतात. शिंकांसाठी नाकात जो रिसेप्टर आपण बंद करतो, तोच हा. त्यामुळे एच-१ बंद करणारा रेणू मेंदूत शिरला, की झोप येते आणि 'आता पुरे' असं सांगणारा आवाज बारीक होतो. ज्या गोळीने गुंगी येते त्याच गोळीने भूक वाढते, असं रुग्ण सांगतात, त्यामागे हे कारण आहे.

याचा पुरावा फार नेटका आहे. २००७ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सॉलोमन स्नायडर यांच्या गटाने उंदरांना क्लोझापीन दिलं. हे मनोविकाराचं औषध वजन वाढवण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये एएमपी-कायनेज या एन्झाइमची क्रिया वाढली. पेशीतली ऊर्जा कमी पडतेय, खायला हवं, असा संदेश हे एन्झाइम देतं. मग ज्या उंदरांमध्ये एच-१ रिसेप्टर जन्मतःच नाही अशांना तेच औषध दिलं, तर ही वाढ झालीच नाही. म्हणजे पोट भरलेलं असताना मेंदूला उपाशी असल्याचा भास होतो, आणि तो एच-१ बंद झाल्यामुळे होतो. म्हणून आईला 'जरा तोंडावर ताबा ठेव' म्हणणं अन्यायाचं आहे. तिला लागणारी भूक खरी असते.

दुसरा रिसेप्टर सेरोटोनिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाचा, त्याला २सी म्हणतात. भूक शमवणाऱ्या काही पेशींवर तो बसलेला असतो. सेरोटोनिन त्यावर बसलं की तृप्ती लवकर येते, तो बंद केला की येत नाही. १९९५ मध्ये लॉरेन्स टेकॉट यांच्या गटाने २सी नसलेले उंदीर तयार केले, ते जास्त खाऊन लठ्ठ झाले. उलट दिशेनेही हे सिद्ध झालंय. फक्त २सीला चेतवणारं लॉर्कासेरिन नावाचं औषध अमेरिकेत २०१२ साली वजन कमी करण्यासाठी मंजूर झालं होतं. भूक खरंच कमी करायचं ते. कर्करोगाचा धोका वाढत असल्याची शंका आल्यावर २०२० मध्ये ते बाजारातून काढलं गेलं, पण २सीचं काम काय हे त्याने दाखवून दिलं.

आता आईची गोळी. मिर्टाझापीन एच-१ला घट्ट बंद करतं, २सीलाही बंद करतं. वर सेरोटोनिनचा आणखी एक रिसेप्टर बंद करतं, ज्याच्यामुळे मळमळ होते. म्हणजे भुकेला आवर घालणाऱ्या तीन गोष्टी एकाच गोळीने काढून घेतल्या. अमेरिकेतल्या सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये हे औषध घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांनी भूक वाढल्याचं सांगितलं, तर खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी फक्त २ टक्क्यांनी. हा गुण इतका भरवशाचा आहे, की २०१८ साली अमेरिकेत मांजरांसाठी मिर्टाझापीनचं मलम मंजूर झालं. वजन घटलेल्या मांजराच्या कानाच्या आतल्या बाजूला ते चोळतात आणि मांजर खायला लागतं. माझ्या रुग्णांना ही गोष्ट सांगितली की निम्मा अपराधभाव तिथेच उतरतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो: 'डोस अर्धा करू का?' ७.५ मिलिग्रॅमवर भूक फारशी कमी होत नाही. या औषधाची एच-१वरची पकड सगळ्यात जबरदस्त, त्यामुळे अगदी थोड्या डोसातही तो रिसेप्टर बराचसा व्यापला जातो. नॉरॲड्रेनॅलिन हे आणखी एक संदेशवाहक रसायन वाढवण्याचं काम, म्हणजे नैराश्यावरचा मुख्य गुण, त्याला मात्र जास्त डोस लागतो. डोस उतरवला तर औषध जाईल आणि भूक राहील, असा उफराटा सौदा होतो. डोस वाढवल्यावर गुंगी कमी झाल्याचं बरेच जण सांगतात, पण भूक कमी होईलच अशी खात्री देता येत नाही.

आता आईचा हिशेब मांडू. ५४ वरून ६१, म्हणजे ७ किलो. ऐकायला भयंकर वाटतं. पण ५४ हे तिचं नेहमीचं वजन नव्हतं, ते आजाराने खाली ओढलेलं वजन होतं. आधीच्या ५८ पर्यंत परत येणं हा बरं होण्याचाच भाग आहे. मी त्यातले ४ किलो गोळीच्या खात्यात टाकणार नाही. उरले ३ किलो. ५८ च्या मानाने ते ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे आता लक्ष घालायला हवं अशा टप्प्यावर. ७ टक्क्यांच्या पुढे गेलं तर ते वैद्यकीयदृष्ट्या ठळक मानतात. तिच्या बाबतीत तो आकडा साधारण ६२ किलो. म्हणजे घाबरण्याची वेळ आलेली नाही, पण ती फार दूरही नाही.

रोज किती जास्त खाल्लं गेलं? एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. सातही किलो चरबीच धरली, तर १२० दिवसांत दिवसाला सुमारे ४५० कॅलरी. तूप लावलेल्या दोन पोळ्या आणि रात्रीचा साखरेचा चहा-बिस्किटं, एवढ्यात ते भरतं. बसून ताटंच्या ताटं रिचवावी लागत नाहीत, आणि म्हणूनच घरात कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय या गोळीने ओढ लागते ती विशेषकरून गोडाची आणि पिठाची. म्युनिकमध्ये निरोगी पुरुषांना काही दिवस मिर्टाझापीन देऊन खाणं आणि हालचाल बांधून ठेवली होती. तेव्हाही गोडाची इच्छा वाढली आणि शरीर इंधन म्हणून पिष्टाकडे जास्त वळलं. म्हणजे नुसती भूकच बदलते असं नाही.

ही वाढ सहसा पहिल्या दोन-तीन महिन्यांत झपाट्याने होते, पुढे वेग मंदावतो. म्हणून गोळी सुरू करण्याच्या दिवशीचं वजन लिहून ठेवणं आणि पहिला महिना दर आठवड्याला वजन करणं याला मोल आहे. पहिल्याच महिन्यात ५ टक्के वाढलं तर पुढेही वाढणार असं समजून मी तेव्हाच बदलाचा विचार सुरू करतो. चौथ्या महिन्यात वजन वाढत असेल की थांबलं असेल, यावरून आईचा निर्णय बराचसा ठरेल. ६१ हा आकडा महिनाभर तिथेच असेल, तर चित्र वेगळं.

सगळा दोष गोळीवर टाकण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. पाय सुजतात का, नडगीवर अंगठा दाबल्यावर खळगा राहतो का? राहत असेल तर वजनात पाणी आहे. आणि थायरॉइडची तपासणी कधी झाली होती? त्या वयाच्या बायकांमध्ये थायरॉइड कमी पडणं सर्रास आढळतं, त्यात मरगळही येते आणि वजनही वाढतं. त्यासोबत उपाशीपोटी साखर, एचबीए१सी आणि कोलेस्टेरॉल करून घ्या. घरात मधुमेह असेल तर नक्कीच.

आता भावाकडे वळू. फ्लुओक्सेटीन रिसेप्टर बंद करत बसत नाही. पेशींनी सोडलेलं सेरोटोनिन परत शोषलं जातं, ती वाट ते अडवतं. सेरोटोनिन साचतं आणि सगळ्याच रिसेप्टरवर जास्त पडतं. २सीवर पडलं की तृप्ती लवकर येते. मळमळीच्या रिसेप्टरवर पडलं की अन्न समोर नको वाटतं. आईच्या गोळीने जे दोन रिसेप्टर बंद केले, तेच भावाच्या गोळीने चेतवले. एच-१वर फ्लुओक्सेटीनची पकड जवळपास नाहीच.

भावाला एवढंच विचारा: घास तोंडाजवळ आल्यावर उमासा येतो, की भूक लागतच नाही आणि थोडं खाल्लं की पोट भरतं? उमासा असेल तर नाश्त्यानंतर गोळी घेऊन पाहावी, तो दोन-तीन आठवड्यांत बहुधा ओसरतो. भूकच लागत नसेल, तर ती गोळीच्या आधीपासून गेली होती का हे आठवायला सांगा. नैराश्य स्वतःच भूक मारतं, आणि तसं असेल तर औषध लागू पडल्यावर ती परत येईल. फ्लुओक्सेटीनने वजन उतरतं ते सुरुवातीच्या काही महिन्यांत आणि थोडंच. पुढे ते बहुतेकांचं परत येतं. 'बारीक व्हायला फ्लुओक्सेटीन द्या' असं म्हणणारे मला अधूनमधून भेटतात. त्यांना माझं उत्तर कायम नाही असतं.

सेरोटोनिन साचवणाऱ्या सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. अमेरिकेत २०२४ साली सुमारे १ लाख ८३ हजार लोकांच्या नोंदींवरून आठ गोळ्यांची तुलना झाली. सहा महिन्यांनी सरट्रालीनच्या तुलनेत एस्सिटालोप्राम आणि पॅरोक्सेटीन घेणाऱ्यांचं वजन सरासरी ०.४ किलोच्या आसपास जास्त होतं, फ्लुओक्सेटीनवाल्यांचं जवळपास सारखंच, आणि ब्युप्रोपिऑनवाल्यांचं ०.२ किलो कमी. फरक लहान आहेत. पण सरासरी लहान असली तरी एखाद्याचं ६ किलोही वाढतं. मिर्टाझापीन त्या आठांत नव्हतं. असतं तर ही सगळी चर्चाच वेगळी झाली असती.

ब्युप्रोपिऑन हे या घोळक्यातलं परकं पोर. त्याचा सेरोटोनिनशीही संबंध नाही, हिस्टामीनशीही नाही. ते डोपामीन आणि नॉरॲड्रेनॅलिन साचवतं, भूक कमी करतं, आणि अमेरिकेत २०१४ पासून नाल्ट्रेक्सोनबरोबर वजन कमी करण्यासाठीही मंजूर आहे. मग सगळ्यांना तेच का देत नाही? कारण त्याने झोप उडते, बेचैनी असलेल्याची बेचैनी वाढू शकते, आणि फिट येण्याचा धोका असतो. फिटचा आजार असलेल्यांना किंवा खाऊन ओकण्याचा विकार असलेल्यांना ते द्यायचंच नसतं.

मुलीच्या सायरपची गोष्ट मला सगळ्यात मजेशीर वाटते. ते सायप्रोहेप्टाडीन असणार. बाटलीवर मूळ घटकाचं नाव बघा. हे एच-१ बंद करणारं जुन्या पिढीचं औषध, आणि त्याबरोबर सेरोटोनिनचे २ गटातले रिसेप्टरही बंद करतं. म्हणजे आजीच्या गोळीने जे दोन रिसेप्टर बंद होतात, तेच नातीच्या सायरपने. दम्याच्या मुलांना हे देताना ती जास्त जेवू लागली आणि वजन वाढलं, ही नोंद १९६२ सालीच अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आली होती. तेव्हापासून आपल्याकडे ते 'भुकेचं सायरप' म्हणून खपतंय.

ते विष नाही. बालरोगतज्ज्ञ काही ठरावीक कारणांसाठी ते विचारपूर्वक वापरतात. पण पाच वर्षांचं मूल जेवत नाही म्हणून आणलेल्या बाटलीबद्दल माझं मत कडक आहे. दिवसभर दूध आणि बिस्किटं चालू आहेत का, रक्त कमी आहे का, जंत आहेत का, आणि मुख्य म्हणजे उंची-वजनाचा आलेख खरंच घसरलाय का, हे आधी बघायला हवं. सायरपचा परिणाम काही आठवड्यांत बोथट होतो आणि बंद केलं की भूक पूर्वपदाला जाते. मग घरचे म्हणतात, 'बघा, सायरपशिवाय जेवतच नाही.' मूल शाळेत पेंगत असेल तर तेही याचंच.

आणि एक गोष्ट आजच घरात सांगून ठेवा. भावाची भूक मेली म्हणून मुलीचं सायरप त्याला चमचाभर देऊ नका. फ्लुओक्सेटीन ज्या रिसेप्टरवर सेरोटोनिन वाढवतं, त्यातलेच काही सायप्रोहेप्टाडीन बंद करतं. बऱ्या होत आलेल्या माणसाचं नैराश्य यामुळे परत आल्याच्या नोंदी आहेत. सेरोटोनिनच्या विषबाधेत उतारा म्हणून हॉस्पिटलात हेच औषध देतात, यावरून त्याच्या ताकदीचा अंदाज यावा. जिममध्ये किंवा ऑनलाइन मिळणारी वजन वाढवण्याची सायरपं आणि पावडरी यांतही ते असतं, कधी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडसोबत. त्या नादाला लागूच नये.

मग तुमच्या सेटिरिझिनने काही का होत नाही? तेही एच-१च बंद करतं, पण मेंदूत फारसं शिरत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे पंप असतात, ते नव्या पिढीच्या या रेणूंना आत आले तरी बाहेर लोटतात. जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात काझुहिको यानाई यांच्या गटाने हे मेंदूच्या पेट स्कॅनवर मोजलं. जुन्या गोळ्यांच्या नेहमीच्या डोसाने मेंदूतले निम्म्याहून जास्त एच-१ रिसेप्टर व्यापले जातात. सेटिरिझिन १० मिलिग्रॅमने साधारण १२ ते १३ टक्के, २० मिलिग्रॅमने २५ टक्क्यांच्या आसपास. फेक्सोफेनाडीनने जवळपास शून्य. रोज एक सेटिरिझिन घेणाऱ्या बहुतेकांना भुकेत फरक जाणवत नाही, तो यामुळे. 'बहुतेकांना' म्हणतोय, 'सगळ्यांना' नाही. अमेरिकेतल्या २००५-०६ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत ॲलर्जीच्या गोळ्या घेणाऱ्यांची वजनं न घेणाऱ्यांपेक्षा जास्त आढळली होती. पण एकाच वेळी काढलेल्या अशा चित्रावरून गोळीने वजन वाढलं, की जाड माणसांना गोळी जास्त लागते, हे कळत नाही. तुमचं वजन वर्षानुवर्षं स्थिर आहे, तर त्या पाहणीने अस्वस्थ होण्याचं कारण नाही.

ॲलर्जी-सर्दीच्या औषधांत भूक मारणारीही आहेत. नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रीन हे नॉरॲड्रेनॅलिनच्या अंगाने काम करतं. त्याने छातीत धडधड होते, झोप उडते, भूक मंदावते. त्याचं सख्खं भावंड फिनाइलप्रोपॅनोलामीन तर अमेरिकेत एकाच वेळी सर्दीची गोळी म्हणूनही विकलं जायचं आणि भूक मारायची गोळी म्हणूनही. तरुण बायकांमध्ये मेंदूत रक्तस्रावाचा धोका दिसल्यावर २००० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ते बाजारातून काढून घ्यायला सांगितलं. आणि ॲलर्जीच्या चिठ्ठीवर प्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकोर्ट किंवा बीटामेथासोन यांपैकी काही असेल, तर वाढलेली भूक त्या स्टेरॉइडची आहे हे आधी गृहीत धरावं. हिस्टामीनचा तिथे संबंध नसतो.

आईच्या रात्रीच्या सर्दीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून घटक वाचा. बहुधा क्लोरफेनिरामीन असेल. मिर्टाझापीन दिवसभर, खरं तर दीड दिवस, शरीरात टिकतं आणि एच-१ आधीच व्यापून असतं. त्यामुळे या गोळीने भुकेत फारशी भर पडत नसेल. पण तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ, सकाळची सुस्ती आणि त्या वयात धडपडण्याचा धोका, यांत नक्की पडते. कोरड्या तोंडावर सरबत किंवा चहा घेतला जातो, आणि साखर त्या वाटेनेही पोटात जाते. ही गोळी आधी सोडवा. शिंका रोजच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा चालेल, तो नाकापुरताच राहतो. किंवा फेक्सोफेनाडीन. ते मात्र साध्या पाण्याबरोबर घ्यावं, संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलं तर नीट शोषलं जात नाही.

राहिली मुख्य गोळी. चार महिन्यांत मन सावरलंय, झोप आलीय, ही मोठी कमाई आहे. नैराश्य पहिल्यांदाच आलं असेल तर बरं वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवतात. मध्येच सोडलं तर ते उलटण्याची शक्यता बरीच. एकदम बंद केलं तर झोप जाते, मळमळते, घाबरल्यासारखं होतं. डॉक्टरांकडे जाताना तीन आकडे लिहून न्या: आजाराआधीचं वजन, गोळी सुरू करतानाचं वजन, आणि गेल्या चार आठवड्यांतलं दर आठवड्याचं वजन. वजन थांबलं असेल, साखर-कोलेस्टेरॉल ठीक असेल, तर मी त्यांच्या जागी असतो तर गोळी न बदलता रात्रीच्या डब्यांत काय ठेवायचं ते बदललं असतं. बिस्किटं-लाडू बाहेर, भाजलेले फुटाणे, ताक, काकडी आत. संध्याकाळच्या जेवणात डाळ-उसळ वाढवली असती. गोळीमुळे लागणारी भूक अडवता येत नाही, तिला काय मिळतं ते ठरवता येतं.

वजन चढतच असेल, किंवा साखर वर आली असेल, तर बदलावं. सहसा सरट्रालीनसारखी गोळी हळूहळू चढवत मिर्टाझापीन काही आठवड्यांत उतरवतात. या काळात घरच्यांनी तयार असावं. पहिल्यांदा जाते ती झोप, कारण एच-१ मोकळा होतो. भूक कमी होते, कधी नव्या गोळीने मळमळ होते, आणि आई म्हणते, 'जुनीच बरी होती.' हे पहिले दोन आठवडे बहुतेकांना जड जातात. पण झोपेबरोबर मन खाली जाऊ लागलं, सकाळी उठावंसं वाटेना, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलू लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी उतरवलेला डोस परत चढवावा लागतो, आणि तेव्हा ३ किलोंचा विचार बाजूला ठेवायचा असतो.